अंगठ्याखालचा आकडा

गणितात घाईला जागा नसते, असं कौस्तुभ वैरागडे गेली अकरा वर्षं मुलांना सांगत आला होता. वाक्य वजनदार होतं, आणि सांगताना तो डोळे किंचित मिटून घेई. कोचिंग संस्थेने मागच्या वर्षी त्याला डाउट डेस्कवर टाकलं आणि प्रत्येक प्रश्नाला आठ मिनिटं दिली. तेव्हापासून त्याने ते वाक्य म्हणणं सोडलं, कारण म्हणायला पाच सेकंद लागत.

डाउट डेस्क म्हणजे सेक्टर २ मधल्या त्याच्याच क्वार्टरच्या पुढच्या खोलीतलं एक लोखंडी टेबल. मुलं हॉस्टेलमधून, घरून, बसमधून पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून संस्थेच्या ॲपवर टाकत. ॲप तो ज्याच्या नशिबात असेल त्याच्या फोनवर ढकले आणि वर कोपऱ्यात आठ मिनिटांचं घड्याळ उलटं धावू लागे. कागदावर सगळ्या पायऱ्या लिहायच्या, कागदाचा फोटो काढायचा, पाठवायचा. वेळेत बरोबर उत्तर गेलं तर नावापुढे हिरवा ठिपका. उशीर झाला, चुकलं, किंवा ‘फोटो स्पष्ट नाही’ म्हणून परत केलं, तर लाल. मुलाने फोटो नीट काढला नाही याचा दोष शिक्षकाकडे कसा येतो, हे कौस्तुभने एकदा क्वालिटीच्या सीमा मॅडमना विचारलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “सर, स्टुडंट तो कस्टमर है न.”

महिन्यात तीन लाल झाले की शिक्षकाला डेस्कवरून काढून कुम्हारीच्या नव्या शाखेत पाठवायचं, असं परिपत्रक मार्चमध्ये आलं होतं. कुम्हारीला सहावीचा फाउंडेशन वर्ग. लसावि, मसावि, आणि हायवेवर रोजचं येणं-जाणं मोटारसायकलने, ट्रकांच्या मधून. तेही एक वेळ चाललं असतं. पण सकाळी आठ ते रात्री आठ घर रिकामं राहिलं असतं, आणि घरात त्याचे वडील होते. शामराव वैरागडेंना मागच्या दिवाळीपासून चक्कर यायची. न्हाणीत दोनदा पडले होते, दोन्ही वेळा कौस्तुभ भिंतीपलीकडे बसलेला होता म्हणून निभावलं. अनुजा, त्याची बायको, दुर्गच्या शाळेत शिकवायची आणि संध्याकाळशिवाय यायची नाही. डाउट डेस्क होता म्हणून घरात माणूस होता. हे परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं.

एप्रिल महिन्याच्या बावीस तारखेला कौस्तुभच्या नावापुढे दोन लाल ठिपके होते.

दोन्ही डिटर्मिनंटचे, म्हणजे चौकोनात मांडलेल्या आकड्यांची मिळून एक किंमत काढायच्या गणितांचे. पहिला त्याने स्वतःच्या हाताने मिळवला होता. तीन ओळींचा साधा डिटर्मिनंट, आणि हा जोशात आला. पहिलीतून दुसरी ओळ वजा, दुसरीतून तिसरी, तिसरीतून पहिली, तिन्ही वजाबाक्या एकाच दमात, जुन्याच ओळी धरून. दिसायला फार देखणं दिसलं. उत्तर शून्य आलं. असं केलं की तिन्ही नव्या ओळींची बेरीज शून्यच होते आणि भूतलावरचा कुठलाही डिटर्मिनंट शून्य निघतो, हे त्याला लाल ठिपका पडल्यावर आठवलं. खरं उत्तर चोवीस होतं. ही चूक करू नका म्हणून तो दरवर्षी वर्गात फळ्याचा अर्धा भाग अडवत असे.

त्यानंतर त्याने ठरवलं, ओळींशी खेळायचं नाही. सरळ विस्तार करायचा, एकेक पद लिहून, चिन्हं तपासून. त्यामुळे दुसरा लाल मिळाला. चार ओळींचा होता, उत्तर अगदी बरोबर आलं, पण अकराव्या मिनिटाला.

तर बावीस तारखेला, दुपारी तीन वाजून पन्नास मिनिटांनी, फोन वाजला. कौस्तुभ तेव्हा कूलरमध्ये पाणी ओतत होता. बादली तिथेच ठेवून आला. विद्यार्थिनी प्रांजली साहू, राजनांदगावची, पावर हाउसजवळच्या हॉस्टेलला राहणारी. मजकूर काही नाही. मजकूर नसेल तर फोटोतला सर्वांत वरचा प्रश्न सोडवायचा, असा नियम होता. वरचा प्रश्न तेरावा. किंमत काढा. पाच ओळी, पाच स्तंभ.

फोटो तिरका होता, पानावर पंख्याची सावली होती, आणि चौथ्या ओळीतल्या मधल्या आकड्यावर अंगठा होता. नीट, ठसठशीत, नखाला निळं नेलपॉलिश लावलेला अंगठा.

त्याने लगेच ‘अंगूठा हटाकर फोटो भेजो’ असं लिहून पाठवलं. एक टिक आली, दुसरी आली नाही. मग आठवलं, आज संस्थेची चार वाजता टेस्ट, आणि मुलांचे फोन दहा मिनिटं आधीच टोपलीत जमा होतात. ती मुलगी शेवटच्या क्षणी फोटो टाकून फोन देऊन मोकळी झाली असणार. फोन साडेपाचला परत मिळेल. घड्याळात सात मिनिटं दहा सेकंद उरले होते.

कौस्तुभ उठला, दारापर्यंत गेला, परत आला. मग रजिस्टर उघडून आकडे उतरवले, कारण फोनच्या पडद्यावर तिरके आकडे वाचताना त्याची मान दुखायची.

२१३  १०८  ३४५  ७२  १६०
२१६  ११२  ३५०  ७८  १६७
२१९  ११६  ३५५  ८४  १७४
५७  ४०१  ( )  ९३  १२
८८  १९  २६४  ३०५  १४१

दोन्ही बाजूंना उभ्या रेघा मारल्या. अंगठ्याच्या जागी रिकामा कंस.

पाच ओळींचा पूर्ण विस्तार म्हणजे एकशे वीस पदं. प्रत्येक पदात पाच आकड्यांचा गुणाकार, म्हणजे चार वेळा गुणायचं. एकशे वीस चोक चारशे ऐंशी. आठ मिनिटांचे सेकंदही चारशे ऐंशीच. हिशेब एवढा चोख जुळला की कौस्तुभला क्षणभर वाटलं, संस्थेने हे ठरवूनच केलंय. सेकंदाला एक गुणाकार, तीन आकडी. शहाणपणाने, पायरीपायरीने विस्तार केला तर दोनशे पाचांत भागतं, पण शहाणपणालाही वेळ लागतो. आणि वीस सेकंद तर दाराशी जाऊन येण्यातच गेले होते.

शिवाय तो रिकामा कंस. त्याने तिथे क्ष घातला. पहिल्या ओळीने विस्तार सुरू केला, २१३ बाहेर काढले, आतला चार ओळींचा डिटर्मिनंट लिहिला. त्यात क्ष होता. मग १०८ बाहेर काढले. त्यातही क्ष होता. क्ष कुठेच जाईना. उत्तर क्ष ठेवून पाठवता येत नव्हतं. ॲपला एक आकडा लागायचा.

साडेपाच मिनिटं. त्याने पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. उजवा पाय टेबलाखाली आपोआप हलत होता, टेबलही हलत होतं. क्षच्या जागी कुठला तरी बरा आकडा टाकावा का, असा विचार आला. ५० वाईट नव्हता. पुस्तकं लिहिणाऱ्यांना ५० आवडतो.

एवढ्यात आतून शामराव आले. एक हात भिंतीवर, पावलं मोजून. ते चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता, पण ते त्यांना कोणी सांगितलं की राग यायचा, म्हणून घरात कोणी सांगत नसे.

“काय करून राहिला बे? टेबल हालून राहिला. मले आतून वाटलं, भूकंप हाय.”

“काही नाही बाबा. तुम्ही बसा. खुर्चीवर बसा, उभे राहू नका.”

“बसतो न. तुह्या टेबलाले का कुलूप हाय?” ते बसले, चष्मा सापडला, नाकावर आला, आणि समोर पडलेलं रजिस्टर दिसलं. तीस वर्षं स्टील प्लांटच्या पंपघरात आणि निवृत्तीनंतर तीन वर्षं कुम्हारीकडच्या एका खाजगी रोलिंग मिलमध्ये त्यांनी लॉगशीट भरल्या होत्या आणि तपासल्या होत्या. दर तासाला मीटर बघायचे आणि ओळ लिहायची: प्रेशर, पाण्याचा प्रवाह, मोटारचे अँपिअर, बेअरिंगचं तापमान. चौकोनात आकडे दिसले की माणूस वाचणारच.

ते ओळी वाचू लागले. म्हणजे ओळी वाचत नव्हते. त्यांची नजर आडवी जात नव्हती, उभी जात होती. वरच्या आकड्याकडून खालच्याकडे. ओठ हलत होते.

“हे लॉगशीट कोणाची हाय?”

“लॉगशीट नाही बाबा, प्रश्न आहे. पाच मिनिटं राहिली आहेत, मला बोलायला लावू नका.”

“ज्याची असंल त्याची असो. माणूस चोर हाय.”

कौस्तुभने मान वर केली नाही. वडिलांच्या मते प्लांटच्या बाहेरचा प्रत्येक माणूस चोर होता आणि आतले अर्धे.

“पाह्य न,” शामराव म्हणाले आणि बोट ठेवलं. “पहिल्या घंट्यातून दुसऱ्या घंट्यात किती वाढलं? तीन. मग चार, पाच, सहा, सात. आता दुसऱ्यातून तिसऱ्यात पाह्य. तीन, चार, पाच, सहा, सात. अशी मशीन वाढते का कधी? आमच्या पंपावरचा तेजराम असाच भरे. ड्युटीवर आल्या आल्या आठ घंट्याची शीट भरून टाके, अन् मंग बाकावर झोपे. मी त्याले सांगे, बाबू, मीटर नको पाहू, पण निदान वाढ तर बदलत जा.”

हे सांगून ते तेजरामच्या बदलीची गोष्ट सांगू लागले. ती लांब होती आणि कौस्तुभने ती ऐकली नाही.

तो रजिस्टरकडे बघत होता. तीन, चार, पाच, सहा, सात. तीन, चार, पाच, सहा, सात.

तिसऱ्या ओळीतून दुसरी वजा केली की ही ओळ. दुसरीतून पहिली वजा केली की हीच ओळ. एका ओळीतून दुसरी ओळ वजा केल्याने डिटर्मिनंटची किंमत बदलत नाही, आणि दोन ओळी तंतोतंत सारख्या असल्या की ती शून्य असते. चौथ्या ओळीला हातच लावायचा नव्हता. कंसात क्ष असो, ५० असो, नाहीतर कुणाचा मोबाईल नंबर असो.

उत्तर शून्य.

आणि शून्य दिसल्याबरोबर त्याने पेन खाली ठेवलं. पहिल्या लालच्या वेळीही शून्यच आलं होतं. तेव्हाही असंच वाटलं होतं, वा, किती सोपं. घड्याळ तीन मिनिटं चाळीस सेकंद दाखवत होतं. तो उठला, खिडकीपाशी गेला, खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. समोरच्या क्वार्टरच्या फाटकावर एक कुत्रा झोपला होता. त्याचं सगळं ठीक होतं.

“काऊन फिरून राहिला?” शामराव म्हणाले. “मी बरोबर बोललो का चुकीचं?”

“बाबा, तुमचा तेजराम. तो एका लाइनवरून दुसरी लाइन काढायचा, तर वरची खोडून काढायचा की तशीच ठेवून?”

हा प्रश्न शामरावांना अत्यंत योग्य वाटला. ते म्हणाले, “खोडून नाही चालत. वरची लाइन जशीच्या तशी पाहिजे. वरची ठेवली तरच खालच्याची वाढ समजते. सगळ्याच लाइनी एकदम बदलल्या, तर कोण कशातून वाढलं, कोणाले समजन?”

कौस्तुभ बसला. आपण काय करतोय ते एकेक करून तपासलं, तेजरामच्या बाकावर बसून तपासल्यासारखं. आधी तिसरीतून दुसरी वजा. त्या वेळी दुसरी जुनीच आहे, तिला हात लावलेला नाही. बरोबर. मग दुसरीतून पहिली वजा. त्या वेळी पहिली जुनीच आहे. बरोबर. पहिलीला शेवटपर्यंत कोणी हात लावत नाही. पहिल्या लालच्या वेळी त्याने पहिलीलाही बदललं होतं, तेही त्याच दमात. फरक होता. तेव्हाच्या शून्याची चोरी त्याने केली होती. या वेळची पुस्तकवाल्याने केली होती, आणि पुस्तकवाल्याला तसा हक्क असतो.

दोन मिनिटं दहा. त्याने स्वच्छ कागदावर लिहिलं: तिसरी ओळ बरोबर तिसरी वजा दुसरी, मग दुसरी ओळ बरोबर दुसरी वजा पहिली. खाली नवा डिटर्मिनंट मांडला. दुसऱ्या ओळीत ३ ४ ५ ६ ७, तिसऱ्या ओळीत ३ ४ ५ ६ ७, चौथ्या ओळीत क्ष, इज्जतीने. दुसरी आणि तिसरी ओळ समान, म्हणून किंमत शून्य. क्षची किंमत काहीही असो. ‘काहीही असो’च्या खाली त्याने रेघ मारली. ती त्याची एकच चैन.

पन्नास सेकंद. फोन उचलून फोटो काढला. कागद कूलरच्या वाऱ्याने उडत होता म्हणून डाव्या हाताने दाबून धरला होता. फोटोत शून्याच्या जागी त्याचा अंगठा आला होता.

“बाबा, कागद धरा.”

शामरावांनी कागद दोन्ही हातांनी, पंपघराच्या सुपरवायझरसमोर धरावा तसा, छातीशी सरळ धरला. फोटो आला. कागदावर शून्य आणि कागदाच्या वर वडिलांची हनुवटी. पाठवला. गोल चक्र फिरत राहिलं. एकवीस सेकंद. चौदा. सेक्टर २ मध्ये नेटवर्क कुठल्याही संकटात असंच वागतं. नऊ सेकंदांवर चक्र थांबलं.

हिरवा ठिपका पडला.

कौस्तुभ पाणी प्यायला. मग कूलरमध्ये उरलेली बादली ओतली, अर्धी जमिनीवर. शामरावांना फक्त एवढंच कळलं की चोर पकडला गेला. ते समाधानाने आत जाऊन झोपले, आणि कौस्तुभ भिंतीला कान देऊन त्यांचं घोरणं सुरू होईपर्यंत उभा राहिला.

साडेपाचला प्रांजलीचा निरोप आला. सर थँक्यू, पर तेरह तो मेरा हो गया था, उसका ज़ीरो ही था, इसीलिए उसपे अंगूठा रखा था. मुझे चौदह पूछना था. त्यापुढे हात जोडलेल्या दोन इमोजी.

कौस्तुभने फोटो पुन्हा बघितला. खाली, पानाच्या कडेला, चौदावा प्रश्न होता. दोन ओळींचा.

आता हा हिरवा टिकणार की लाल होणार? चुकीच्या प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठल्या रंगाचं, हे परिपत्रकात नव्हतं. त्याने अंगणात दोन फेऱ्या मारल्या, तिसरी अर्धी सोडली. अनुजा दुर्गहून यायची होती. ती आल्यावर आपला चेहरा बघून विचारेल, मग सांगावं लागेल, मग ती म्हणेल की तूच फोन लावून विचार. म्हणून त्याने आधीच सीमा मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं, अंगठ्यासकट. पाचाऐवजी दोन ओळींचा प्रश्न होता हेही सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती.

सीमा मॅडमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की ॲपला वरचाच प्रश्न दिसतो, तेराव्याचं उत्तर जुळलं, त्यामुळे हिरवा तो हिरवाच. फक्त पुढच्या वेळी कागदाच्या फोटोत कोणाची हनुवटी येऊ देऊ नका.

कौस्तुभने सुटकेचा श्वास फोनवर ऐकू जाणार नाही असा घेतला आणि म्हणाला, “मॅडम, मला खरंच कुम्हारीची फार काळजी होती. घरी वडील आहेत, त्यांना एकटं सोडता येत नाही.”

“कुम्हारी?” सीमा मॅडम म्हणाल्या. “वो तो खुली ही नहीं, सर. चार एडमिशन हुए थे, दो वापस ले गए.”